धागा : एकत्र कुटुंबात नवरा-बायकोचं मेसेजवरचं बोलणं कसं टिकवता?

जिंतूरची_सून

नमस्कार. घरात कुणाला विचारता येत नाही म्हणून इथं विचारते.

आमचं घर जिंतूर तालुक्यात. सासू-सासरे, थोरले दीर आणि जाऊबाई, त्यांची तीन लेकरं, आम्ही दोघं आणि आमची दोन लेकरं. खोल्या तीन. पावसाळ्यात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. संडास आमच्या खोलीला लागून आहे, म्हणून तेव्हापासून त्या आमच्याच खोलीत झोपतात. त्यांचं करायला माझी काहीच ना नाही, मनापासून करते. पण त्यामुळं आम्ही दोघंच असे कधीच नसतो. दिवसा हे शेतात, संध्याकाळी बैठकीत माणसं, रात्री खोलीत सासूबाई आणि लेकरं.

लग्न झालं तेव्हा हे परभणीला एका दुकानात कामाला होते. तेव्हा आमचं मेसेजवर इतकं बोलणं व्हायचं की रात्री एकदा तरी फोन चार्जिंगला लावावा लागायचा. आता एकाच घरात आहोत आणि चॅट उघडलं तर दिसतं काय? 'सरकी पेंड आणा', 'लाईट आली का', 'आईच्या गोळ्या संपल्या'. वर वर सरकवत गेलं तरी तेच.

मध्यंतरी यांनी एकदा लिहिलं होतं, 'आज निळ्या साडीत लई छान दिसत होतीस.' फोन नेमका पुतण्याच्या हातात होता, गेम खेळायला घेतला होता. वर पट्टी आली ती त्यानं जेवणाच्या पंगतीत मोठ्यानं वाचली. सगळे गप्प. मामंजी ताटावरून उठून गेले. त्या दिवसापासून यांनी एक ओळ लिहिली नाही. मी लिहिलं तर नुसता अंगठा पाठवतात.

फोनला कुलूप लावावं तर 'काय लपवायलीस?' असं लगेच सुरू होतं. माझ्याच फोनवर सासूबाई कीर्तन ऐकतात, पुतण्या अभ्यास करतो. ज्यांच्या घरी असंच आहे ते काय करतात? आणि इतके दिवस बंद पडलेलं परत सुरू करायचं तर लिहायचं काय?

बीडकर९६

ताई, सोपं आहे. त्या चॅटला डिसअपिअरिंग मेसेज चालू करा, 24 तासांचं. मेसेज आपोआप गायब. कुणी फोन घेतला तरी हाती काय लागणार? दुसरं, दादांचा दुसरा नंबर असेल तर तो 'गॅस एजन्सी' म्हणून सेव्ह करा आणि त्याच्यावर बोला. माझ्या मित्रानं असंच केलंय.

सेलूचा_मोबाइलवाला

बीडकर भाऊ, हेतू चांगला आहे, पण यातलं अर्धंच कामाचं आहे.

माझं मोबाइलचं दुकान आहे. घरातल्या घरात फोन फिरतो त्याच्या भानगडी रोज समोर येतात. ताईंच्या घरी मेसेज जुना म्हणून सापडला नाही, तो येतानाच पट्टीवर दिसला. 24 तासांनी गायब होऊन त्याला काय उपयोग? शिवाय डिसअपिअरिंग चालू केलं की चॅटमध्ये तशी ओळ येते आणि नावाजवळच्या फोटोवर घड्याळाची खूण बसते. ज्याला शंका घ्यायची आहे त्याला ती खूणच पुरते. आणि ऑटो डाउनलोड चालू असेल तर चॅटमधून फोटो गेला तरी गॅलरीत राहतो.

म्हणून पहिलं काम पट्टीचं. फोनच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनला जाऊन लॉक स्क्रीनवर मजकूर दाखवू नको असं करा. पण तेवढ्यानं पुतण्याची अडचण सुटत नाही, कारण तो खेळत असताना फोन उघडाच असतो. त्याच्यासाठी चॅट लॉक. चॅटवर बोट दाबून धरा, लॉक चॅट करा. मग मेसेज आला तरी पट्टीवर नावही येत नाही न् मजकूरही येत नाही, नुसता एक नवीन मेसेज एवढंच दिसतं. लॉक केलेल्या चॅटचा फोल्डरसुद्धा सिक्रेट कोड ठेवून लपवता येतो. तो कोड वरच्या शोधायच्या जागेत टाकला की मगच फोल्डर उघडतो. कोड नाही ठेवला तर फोनला ज्याचं ज्याचं बोट नोंदवलंय त्याच्या बोटानं ते चॅट उघडणार. आमच्याकडं येणाऱ्या बायकांच्या फोनमध्ये लेकराचं बोट नोंदवलेलं असतंच, ते बघून घ्या.

आता यातली खरी अडचण. नवऱ्याचं चॅटच लॉक केलं की यादीतून त्याचं नाव नाहीसं होतं. घरच्या बाईच्या फोनमध्ये नवऱ्याशी बोलणंच दिसत नाही, हे जाऊबाईच्या नजरेत आल्याशिवाय राहत नाही. म्हणून पेंड, गोळ्या, लाईट हे चॅट आहे तसं उघडंच राहू द्या. वेगळं बोलायचं ते दादांच्या दुसऱ्या नंबरवर. दोन सिमचा अँड्रॉइड फोन असेल तर 2023 पासून एकाच व्हॉट्सअॅपमध्ये दोन खाती चालतात, वेगळं अॅप टाकायची गरज नाही. ते दुसरं चॅट तेवढं लॉक करा.

आणि 'गॅस एजन्सी' मुळीच करू नका. उद्या ते सापडलं तर गॅस एजन्सीवाला ताईंना रात्री असलं का लिहितो, याचं उत्तर देत बसावं लागेल. नाव सरळ ठेवा, 'यांचा दुसरा नंबर'. सापडलं तर नवऱ्याचंच सापडलं. लाज वाटेल, पण बालंट येणार नाही.

बीडकर९६

हे नावाचं डोक्यात नव्हतं. मित्राला आजच सांगतो.

सखी_माजलगाव

माझंही असंच आहे बघा. आमचे चाकणला कंपनीत असतात, दोन महिन्यांनी येतात. दिवसभर ऑनलाइन दिसतात पण मला उत्तर नाही. रात्री व्हिडिओ कॉल करते तर खोलीत पाच पोरं, बोलता येत नाही म्हणतात. माझं तर सगळं प्रेम त्या दोन निळ्या टिकांवरच अडकलंय. लांब राहणाऱ्यांनी काय करायचं ते पण सांगा.

जिंतूरची_सून

सखी ताई, तुमचं दुःख वेगळं आहे. आमचे हाताच्या अंतरावर असतात आणि बोलता येत नाही. पण निळ्या टिकांचं मात्र तसंच आहे. मी लिहिते, हे वाचतात, अंगठा येतो. तो अंगठा बघितला की परत लिहू वाटत नाही.

मोबाइलवाले दादा, सिम यांच्याकडं दोन आहेत. आज रात्री बोलते.

अंबाजोगाईची_माई

लग्नाला माझ्या कित्येक वर्षं झाली, सगळी एकत्र कुटुंबात. नणंदा, भाच्या, सुना यांच्याशी बोलून बोलून जे कळलं ते लिहिते. फोनचं त्या दादांनी छान सांगितलं, मी लिहायचं काय ते सांगते. कारण कुलूप लावून आत 'जेवलीस का' एवढंच लिहायचं असेल तर कुलूप कशाला?

बंद पडलेलं सुरू करताना बायका एक करतात. 'तुम्ही आता पहिल्यासारखं लिहीत नाही' असं लिहितात. त्याचं उत्तर अंगठाच येतं, कारण ती तक्रार आहे आणि समोरच्याला त्यावर काय बोलावं कळत नाही. दुसरं, प्रश्न विचारतात. 'माझी आठवण येते का?' यालाही गडी माणूस 'हो' म्हणून मोकळा होतो. मग आपण म्हणायचं, बघा एका अक्षरात उत्तर दिलं.

ज्याला उत्तर लागत नाही असा मेसेज लिहा. आणि त्यात त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी असू द्या. एकत्र घरात हीच तर सोय असते की आपण एकमेकांना दिवसभर बघतो, फक्त बोलत नाही. माझ्या धाकट्या भाचीनं नवऱ्याला लिहिलेला मेसेज तिनंच मला दाखवला होता: 'दुपारी तुम्ही हौदावर तोंड धुतलं आणि टॉवेल मिळेना म्हणून बाहीनंच पुसलं. मी दारात टॉवेल घेऊन उभी होते. मामंजी होते म्हणून हाक मारली नाही.' एवढंच. ना प्रेम, ना आठवण, असला एक शब्द नाही त्यात. तो मुलगा कधी चार ओळी न लिहिणारा. त्यानं रात्री लिहिलं, 'पुढच्या वेळी मामंजी असले तरी दे.' बघा, प्रश्न न विचारता उत्तर आलं.

फॉरवर्ड केलेली शायरी, गुलाबाची फुलं, 'शुभ सकाळ' असलं पाठवू नका. ते दहा ठिकाणी गेलेलं असतं आणि त्यालाही ते माहीत असतं. तुम्ही बघितलेलं फक्त तुम्हीच बघितलेलं असतं.

भांडण मेसेजवर ठेवू नका. त्या चॅटमध्ये पैसे, सासू, जाऊ, वाटणी काहीही आलं नाही पाहिजे. ते साध्या चॅटवर नाहीतर तोंडी. एकदा का दुसऱ्या चॅटमध्ये तक्रार शिरली की ते उघडताना हात कचरतो. माझ्या एका नणंदेचं असंच बंद पडलं.

आणि त्याला पहिल्यांदा लिहायला लावू नका. पंगतीत त्याची जी फजिती झाली ती तुमच्यापेक्षा त्याला जास्त लागलीय. बापासमोर झाली ना. थोडे दिवस तुम्हीच लिहा, उत्तर नको म्हणून स्पष्ट सांगा.

औशाचे_आबा

सगळं वाचलं. मुली, तुझं वाईट वाटलं. पण फोनवर एवढं कशाला अडून बसायचं? आमच्या वेळी वाड्यात वीस माणसं होती, फोन कुठं होता? शेतावर डबा घेऊन जायची बायको. बाभळीखाली दोघं जेवायचो. तेवढी अर्धी घटका आमची. धन्याचा डबा तू घेऊन जा, कुणी काही म्हणणार नाही. नाहीतर माळवदावर पत्र्याची एक खोली काढा, दोन माणसांच्या मापाची. मेसेज पुसून जातील, खोली राहील.

जिंतूरची_सून

आबा, तुमचं मनाला लागलं. पण आमच्याकडं डबा पुतण्या गाडीवर घेऊन जातो, आणि शेतात भाऊजी न् सालगडी असतात. खोलीचं काढायचं ठरलं होतं, पण यंदा सोयाबीनला भाव नव्हता आणि ऑपरेशनचा खर्च झाला. म्हणून तर मेसेजवर आले.

काळी_माती_हिंगोली

मी या बाजूचा, म्हणजे गडी माणूस. आमचं घर वसमतकडं, माणसं नऊ. माझं कसं जमलं ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर बघा.

आम्हाला शेतीची थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याला न् गव्हाला पाणी द्यायला मी एकटा शेतात असतो. तुषारचे पाइप एका जागी लावले की दोन-अडीच तास काहीच काम नसतं, नुसतं बसून राहायचं, मोटर बंद पडते का ते ऐकत. घरात मला आवाज काढून बोलता येत नाही, पण तिथं एकटाच असतो. म्हणून मी टाइप करत नाही, बोलून पाठवतो. व्हॉइस मेसेज. मला टायपिंगचा कंटाळा, आणि लिहिताना असं वाटतं की कुणीतरी वाचील. बोलताना तसं वाटत नाही.

आमचं ठरलेलं असं आहे. मी रात्री कितीही वाजता पाठवीन, तिनं रात्री ऐकायचं नाही आणि उत्तर द्यायचं नाही. त्या नंबरचा आवाज न् व्हायब्रेशन दोन्ही बंद. नाहीतर दोन वाजता उशीखाली गुरगुर झाली की आई उठते, 'मोटर जळली का काय' म्हणून. ती सकाळी शेण काढायला गोठ्यात जाते तेव्हा ऐकते. तिचं उत्तर दुपारी, लेकरं शाळेत आणि आई पडलेली असते तेव्हा, आणि ते टाइप करून. म्हणजे मी बोलतो, ती लिहिते. दोघांनाही एकाच वेळी मोकळं असावं लागत नाही. आधी हेच चुकायचं. मी मोकळा तेव्हा ती पोळ्या लाटायची, ती मोकळी तेव्हा मी मळणीवर, आणि दोघंही म्हणायचो की समोरचा लक्ष देत नाही.

विहिरीपाशी रेंज नाही. मेसेजपाशी नुसती घड्याळाची खूण राहते, बांधावर आलो की सगळे एकदम जातात. त्यामुळं मी आधीच सांगून ठेवलंय की तीन मेसेज एकदम आले तर घाबरू नको.

काय बोलतो विचाराल, तर काही मोठं नाही. परवा म्हणलं, 'कोल्हं आलं होतं बांधावर, बॅटरी मारली तर बघत उभं राहिलं. तू असतीस तर पळाली असतीस माझ्या मागं.' ती म्हणते, असं ऐकलं की शेण काढायला पण लवकर उठू वाटतं.

जिंतूरची_सून

दादा, हे आमच्या यांना दाखवणार आहे. रात्रीची लाईट आम्हालाही असते.

पण व्हॉइस ऐकताना एकदम मोठ्यानं वाजला तर? मला त्याची भीती वाटते.

सेलूचा_मोबाइलवाला

फोन कानाला लावला की व्हॉइस मेसेज कॉलसारखा बारीक आवाजात कानात येतो, पण प्ले दाबून कानापर्यंत नेताना पहिले दोन शब्द मोठ्यानं निघतात. म्हणून आवाज आधी पूर्ण खाली करा, मग प्ले, मग कानाला. त्यापेक्षा वायरचा साधा इअरफोन, पदराखाली एका कानात. ब्लूटूथ नको. घरात कुणाच्या स्पीकरला तुमचा फोन आधी जोडलेला असेल तर आवाज तिकडं जाऊन वाजेल. हे मी होताना पाहिलंय.

अजून दोन जागा बघून घ्या, लोक विसरतात. व्हॉट्सअॅपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस उघडा. पुतण्याच्या शाळेच्या कामाला कधी लॅपटॉपला जोडलं असेल तर ते तसंच राहतं. ओळखीचं नसेल ते लॉग आउट करा. आणि कीबोर्ड. तुम्ही जे शब्द वारंवार लिहिता ते तो वरच्या पट्टीत सुचवायला लागतो. पुतण्या 'माझी' लिहील आणि पुढं भलतंच येईल. जीबोर्डच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीत शिकलेले शब्द पुसायची सोय आहे.

अबोली_नांदेड

मला वेगळं विचारायचंय, नाव बदलून लिहिते. आमचंही एकत्र घर. आमचे हे मेसेजवर फोटो मागतात, तसले. मला नको वाटतं. नाही म्हणलं की दोन-दोन दिवस बोलत नाहीत. म्हणतात, नवऱ्यालाच तर पाठवायलीस. व्ह्यू वन्सनं पाठवला तर धोका नाही असंही म्हणतात. खरं आहे का?

सेलूचा_मोबाइलवाला

ताई, व्ह्यू वन्सचा फोटो एकदाच उघडतो आणि त्याचा स्क्रीनशॉट निघत नाही, इथपर्यंत खरं. पण शेजारी दुसरा फोन धरून त्याचा फोटो कुणीही काढू शकतं. आणि पाठवायच्या आधी तुम्ही तो फोनच्या कॅमेऱ्यानं काढला असेल तर तो तुमच्या गॅलरीत आहेच. त्यातून आमच्याकडं एक गोष्ट सर्रास दिसते: घरातल्या तीन-चार फोनला एकच जीमेल. दुकानात फोन घेताना थोरल्या भावाचंच खातं टाकून देतात. गुगल फोटोजचं बॅकअप चालू असलं की एकाच्या फोनमधला फोटो दुसऱ्याच्या फोनवर, टीव्हीवर सुद्धा दिसतो. नवऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, पण फोटो त्याच्या हातात राहत नाही.

फोन दुरुस्तीला येतो तेव्हा लोक त्यात काय काय ठेवून देतात ते विचारू नका. आम्ही बघत नाही, पण सगळेच न बघणारे नसतात. तुमच्या परवानगीशिवाय असा फोटो कुणी पुढं पाठवला तर तो आयटी कायद्याखाली गुन्हा आहे. 1930 वर फोन करता येतो, cybercrime.gov.in वर तक्रार करता येते. पण ती वेळच येऊ नये.

अंबाजोगाईची_माई

अबोली, तुला नको वाटतं ना, मग नाही. त्यासाठी फोनचा धोका पुढं करायची गरज नाही. धोका अजिबात नसता तरी तुझं नाही ते नाहीच. दोन दिवस न बोलणं हा लाडाचा रुसवा नसतो, ती बळजबरी असते. तसं त्याला तोंडावर सांग, मेसेजवर नको. काय आवडेल ते तूच ठरव. तुझ्या आवाजात दोन वाक्यं पाठवायला तुला बरं वाटत असेल तर पाठव, तेही नको वाटलं तर नको. घरात तुझ्या बाजूनं बोलणारं मोठं कुणी आहे का? नसेल तर मला वैयक्तिक निरोप टाक, सविस्तर बोलू.

लातूरकरीण_दोघीत_एक_फोन

सगळे म्हणतात दुसरा नंबर, चॅट लॉक. माझ्याकडं फोनच नाही. माझ्यात न् सासूबाईंत मिळून एक बटणाचा फोन. माझ्यासारखीनं काय करायचं?

अंबाजोगाईची_माई

तुझ्यासारख्या लई जणी आहेत ग. माझ्या थोरल्या सुनेचं पहिली तीन-चार वर्षं असंच होतं. तिनं किराणाच्या यादीचा उपयोग केला. माझा मुलगा दर शनिवारी बाजाराला जायचा, यादी ती लिहून द्यायची. मला हे लई उशिरा कळलं. यादीत शेवटी 'लवंगा' लिहिल्या की त्याचा अर्थ त्यांनी दोघांत ठरवलेला होता. काय ते तिनं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बाजारातून आला की तोही त्या यादीच्या मागं काहीतरी लिहून परत द्यायचा, 'हिशेब बघ' म्हणून.

यात वस्तू नीट निवडावी लागते. नासणारी नको, महाग नको. कधीमधी खरंच आणावी लागते, नाहीतर 'लिहिल्या तर आणल्या का नाहीत' असं मीच विचारणार. दर आठवड्याला लवंगा आल्या असत्या तर मी डबा उघडून बघितलाच असता. म्हणून ते महिन्यातून एखाद्या वेळीच लिहायचे. बटणाच्या फोनवर एसएमएस जातो, त्यातही अशी यादी चालते. सासूबाईंनी वाचली तरी ती यादीच.

औशाचे_आबा

माईंचं हे पटलं. पण मी परत म्हणतो, हे सगळं लपूनछपून कशाला? सासूबाईंनाच सांगा ना, की आठवड्यातनं एक-दोन रात्री तुम्ही थोरल्या सुनेकडं झोपा. मोठ्या माणसांना कळतं. सांगायला कुणी नसतं म्हणून ते बसून राहतात.

अंबाजोगाईची_माई

आबा, सासूला हे सांगणार कोण? सुनेनं सांगितलं तर 'मला खोलीतून हाकलायली' हाच अर्थ निघतो. मुलगा तर सांगणारच नाही. मी स्वतः सासू आहे. मला थोरल्या सुनेनं धाकटीसाठी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं, धाकटीच्याच तोंडून नसतं ऐकलं. जिंतूरच्या सुनेच्या घरी जाऊबाई कशा आहेत त्यावर हे आहे.

औशाचे_आबा

मुलानंच सांगावं. बापाला सांगावं, आईला नाही. बाप समजून घेतो.

काळी_माती_हिंगोली

आबा, माझ्याच्यानं नसतं झालं. आणि ताईंचे मामंजी तर एक ओळ ऐकून ताटावरून उठले.

जिंतूरची_सून

सगळ्यांचे उपकार. काय झालं ते सांगते.

यांच्या दुसऱ्या सिमवर खातं काढलं. पहिला मेसेज मीच लिहिला, माईंनी सांगितलं तसा. त्या दिवशी हे मोटारीचं स्टार्टर खोलून अंगणात बसले होते, आमची धाकटी शेजारी बसून एकेक स्क्रू यांच्या हातात देत होती. मी वर वाळवण घालत होते, तिथनं दिसलं. तेवढंच लिहिलं, आणि खाली 'उत्तर नको'. दोन दिवस काही आलं नाही. मी अजून एक लिहिला. मग रात्रीच्या पाळीला गेले तेव्हा व्हॉइस आला. त्यात बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज आहे, मग म्हणतात, 'काय बोलावं कळंना. तूच सांग काय बोलू.' मी अजून सांगितलं नाही.

मेसेजमध्ये मी यांना 'तू' म्हणते, लग्नाच्या आधीसारखं. परवा सासूबाईंसमोर तोंडातून 'तू आण' गेलंच. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही.

खोलीचं माझ्याच्यानं कुणाला सांगवत नाही. जाऊबाई चांगल्या आहेत, पण त्यांना सांगायचं म्हणजे त्यांच्या खोलीतली जागा मागायची. त्यांची तरी कुठं मोकळी आहे? ते तसंच राहिलंय.

मोबाइलवाले दादा, शेवटचं विचारते. पुतण्याला दिवाळीनंतर नवीन फोन घ्यायचा आणि माझा जुना मी पूर्ण वापरायचा असं ठरतंय. किंवा उलट, नवीन मला आणि हा त्याला. उलट झालं तर मी काय काय बघू?

सेलूचा_मोबाइलवाला

उलट झालं तर नुसतं व्हॉट्सअॅप काढून टाकू नका. आधी नवीन फोनवर तुमचं व्हॉट्सअॅप चालू करून घ्या, दोन्ही चॅट नीट आली का बघा, लॉक परत लागलंय का तेही बघा. मग जुन्या फोनमधून तुमचं जीमेल काढा आणि पूर्ण फॅक्टरी रीसेट मारा. त्यानंतर पुतण्याच्या हातात द्या. जीमेल काढायचं राहिलं तर रीसेटनंतर फोन तुमचाच पासवर्ड मागत बसू शकतो, आणि पुतण्या तो तुम्हाला सगळ्यांसमोर विचारील. मेमरी कार्ड असेल तर आधी काढून घ्या, त्यातलं रीसेटनं जातंच असं नाही.

दादांचा फोनही एकदा हातात घेऊन बघा. बायका स्वतःचा फोन नीट करतात आणि त्यांच्या फोनची पट्टी तशीच उघडी राहते. तो ट्रॅक्टरवर समोर अडकवलेला असतो आणि शेजारी भाऊजी बसलेले असतात.